मधल्या फांदीतला करंट सोर्स: सांगलीच्या लॅबमधलं एक सुपरमेश प्रकरण

सर्किट लहानच होतं. २४ व्होल्टचा सप्लाय, चार रेझिस्टर आणि मध्ये २० मिलिअँपिअरचा एक करंट सोर्स. सांगलीतल्या एका डिप्लोमा कॉलेजच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाला हे सर्किट मी दरवर्षी ठेवतो. मेश पद्धत मुलांना येत असते, केव्हीएल पाठ असतो, पण करंट सोर्स दोन मेशच्या सामाईक फांदीत आला की हात अडखळतो. यंदा तासगावहून रोज एस.टी.नं येणाऱ्या एका मुलीची वही मला मिळाली. तिच्या वहीत ही अडचण इतकी स्वच्छ उतरली होती की सगळं प्रकरण नीट लिहून काढावंसं वाटलं.

आधी जोडणी सांगतो. सप्लायचं धन टोक म्हणजे नोड A. A पासून B पर्यंत R1, B पासून C पर्यंत R2. A वरून थेट C ला, म्हणजे R1 आणि R2 च्या डोक्यावरून जाणारा R3. C पासून ग्राउंडपर्यंत लोड R4. आणि B पासून ग्राउंडपर्यंत करंट सोर्स, बाण खाली, म्हणजे B मधून २० मिलिअँपिअर काढून ग्राउंडला सोडणारा. किमती अशा:

```
V1 = 24 V      R1 = 200 ohm   R2 = 300 ohm
I  = 20 mA     R3 = 1 kohm    R4 = 1 kohm
```

ब्रेडबोर्डवर R3 ची वायर बाकीच्यांवरून उडी मारते, तरी सर्किट प्लेनरच आहे. कागदावर R3 वर ओढून घेतला की कुठलीही रेघ दुसरीला छेदत नाही. याचा उपयोग असा की प्लेनर चित्रात एक फांदी जास्तीत जास्त दोन मेशमध्ये असते. म्हणून मधल्या फांदीचा प्रवाह दोन मेश प्रवाहांच्या वजाबाकीत मावतो, तिसरं कुणी त्यात येत नाही.

मेश तीन आहेत. डावीकडचा i1: त्यात V1, R1 आणि करंट सोर्स. उजवीकडचा i2: त्यात करंट सोर्स, R2 आणि R4. वरचा i3: त्यात R1, R2, R3. तिघेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घेतले. V1, R4 आणि R3 या कडेच्या फांद्या आहेत, एकेकाच मेशच्या. त्यामुळे i1, i2, i3 हे तिन्ही आकडे मल्टीमीटर लावून प्रत्यक्ष मोजता येतात. किमती निवडताना मी हे मुद्दाम पाहिलं होतं.

करंट सोर्स लॅबमध्ये एलएम ३१७ वापरून केलेला असतो. त्याचं इनपुट B ला, आउटपुटला ६२ ओहमचा रेझिस्टर, त्या रेझिस्टरचं दुसरं टोक आणि अ‍ॅडजस्ट पिन दोन्ही ग्राउंडला. ही आयसी आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यात साधारण १.२५ व्होल्ट राखते, म्हणून ६२ ओहममधून २० मिलिअँपिअरच्या जरा वर प्रवाह जातो. हे दोन टोकांचं यंत्र स्वतः ऊर्जा पुरवत नाही, फक्त खाते. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

त्या मुलीनं आधी गणित केलं, मग मोजमाप. गणितात तिला i1 = १३९.५, i2 = ४.५ आणि i3 = १९.५ मिलिअँपिअर मिळाले. मोजताना सप्लायच्या डिस्प्लेवर 0.04 दिसलं, मल्टीमीटर मालिकेत लावल्यावर ३६.२ मिलिअँपिअर. आधी तिनं मीटर बदलला, मग सप्लाय बदलला, मग माझ्याकडे आली. "सर, गणित तीनदा तपासलं, बरोबरच येतंय. एलएम ३१७ गेलाय वाटतं."

वही पाहिली. तीन समीकरणं होती (प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, रोध किलोओहममध्ये घेतले की गुणाकार सरळ व्होल्टमध्ये येतो):

```
mesh 1:  -24 + 0.2(i1 - i3) = 0
mesh 2:  0.3(i2 - i3) + 1.0 i2 = 0
mesh 3:  1.5 i3 - 0.2 i1 - 0.3 i2 = 0
```

वरच्या मेशचं समीकरण बरोबर होतं. बाकीच्या दोन्हींत करंट सोर्सपाशी आल्यावर तिनं काहीच लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "त्याला रेझिस्टन्स नाही ना सर, मग ड्रॉप कुठून येणार?"

हे उत्तर मला दरवर्षी ऐकू येतं, आणि ते मूर्खपणाचं नाही. आदर्श व्होल्टेज सोर्सचा अंतर्गत रोध शून्य असतो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, तेच करंट सोर्सला चिकटतं. प्रत्यक्षात आदर्श करंट सोर्सचा अंतर्गत रोध अनंत असतो. त्याच्यावरचं व्होल्टेज त्याचं तो ठरवत नाही. २० मिलिअँपिअर वाहते ठेवायला बाहेरच्या सर्किटला जेवढं लागेल तेवढं ते होतं. ते अज्ञात आहे. अज्ञात राशी लिहायची राहिली की तिची किंमत आपोआप शून्य धरली जाते, आणि शून्य व्होल्टेजची फांदी म्हणजे साधी तार.

"बरं, तुझ्या उत्तरात मधल्या फांदीतून किती करंट जातोय बघ," मी म्हटलं. तिनं वजाबाकी केली: १३९.५ वजा ४.५, म्हणजे १३५. ज्या फांदीवर स्वतःच्या हातानं २० लिहिलंय तिथे १३५. ती गप्प झाली. मग मी B ग्राउंडला तारेनं जोडलं तर काय होईल ते काढायला सांगितलं. R1 मधून २४ भागिले ०.२, म्हणजे १२०. R2 मधून उलटे १५. बेरीज १३५. तिचं गणित खरंच बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्या सर्किटचं होतं. तिन्ही समीकरणांत २० हा आकडा एकदाही आलेला नाही, एवढं जरी कुणी पाहिलं तरी संशय यायला हवा. दिलेल्या सोर्सची किंमत समीकरणांत कुठेच नसेल तर उत्तर त्या सर्किटचं असूच शकत नाही.

आता दुरुस्ती. सुपरमेश हा शब्द वहीत होता, पण "करंट सोर्स काढून टाका आणि मोठा लूप घ्या" अशा कृतीच्या रूपात. कृती पाठ करण्यापेक्षा ती कुठून येते ते पाहिलेलं बरं. करंट सोर्सवरच्या व्होल्टेजला नाव देऊ: Vx, B वर धन, ग्राउंडवर ऋण. मेश १ मध्ये आपण ही फांदी वरून खाली उतरतो, मेश २ मध्ये खालून वर चढतो:

```
mesh 1:  -24 + 0.2(i1 - i3) + Vx = 0
mesh 2:  -Vx + 0.3(i2 - i3) + 1.0 i2 = 0
```

दोन्ही मिळवा. Vx एकदा अधिक, एकदा वजा, म्हणून उडतो:

```
supermesh:  -24 + 0.2(i1 - i3) + 0.3(i2 - i3) + 1.0 i2 = 0
```

सुपरमेश म्हणजे ही बेरीज. मोठा लूप फिरताना थेट हेच समीकरण मिळतं, म्हणून मध्ये Vx लिहायची गरज पडत नाही. पण दोन समीकरणांचं एक झालं, म्हणजे एक समीकरण कमी पडलं. ते सोर्स स्वतः देतो:

```
i1 - i2 = 20
```

बाण खाली आहे. मधल्या फांदीत i1 खाली उतरतो आणि i2 वर चढतो, म्हणून खाली जाणारा निव्वळ प्रवाह i1 − i2. हे प्रत्येक वेळी बाणाकडे बघूनच लिहायचं. "डावा वजा उजवा" असा नियम पाठ केला तर पुढच्या सर्किटात बाण वर असला की फसगत ठरलेली.

इथे तिच्या शेजारच्या मुलानं एक हुशारी केली. करंट सोर्सचं समीकरण "केव्हीएल नाही" म्हणून त्यानं सोडलं आणि त्याऐवजी सगळ्यात बाहेरचा लूप घेतला: V1, R3, R4. समीकरण खरं आहे, २४ = १.० × i3 + १.० × i2. पण सुपरमेश आणि मेश ३ यांची बेरीज केली की हेच मिळतं, त्यात नवीन माहिती नाही. तीन समीकरणं झाली असं वाटतं आणि सोडवायला गेलं की शेवटी ०=० उरतं. २० चा आकडा त्याच्याही समीकरणांत नव्हता, हे ओघानं आलंच.

आता सोडवू. i1 = i2 + 20 हे मेश ३ मध्ये घातलं:

```
1.5 i3 = 0.2(i2 + 20) + 0.3 i2 = 0.5 i2 + 4
i3 = (i2 + 8)/3
```

सुपरमेशमध्ये 0.2 i1 + 0.3 i2 म्हणजे तेच 0.5 i2 + 4, आणि i3 चा वाटा −0.5 i3:

```
0.5 i2 + 4 - (i2 + 8)/6 + i2 = 24
(4/3) i2 = 64/3
i2 = 16,  i1 = 36,  i3 = 8   (mA)
```

सप्लायमधून ३६. मीटरनं ३६.२ दाखवलं होतं. ६२ ओहममुळे सोर्स २०.२ च्या आसपास आहे, तेवढा फरक तिथूनच येतो. एलएम ३१७ ठणठणीत होता.

सुपरमेश लिहिताना एक चूक वरचेवर दिसते, तिच्यावर थोडं थांबतो. मोठा लूप फिरताना मुलं R1 वर नुसतं 0.2 i1 आणि R2 वर 0.3 i2 लिहितात. मेश १ आणि २ एकत्र केले म्हणून वरचा मेश नाहीसा होत नाही. R1 मधून i3 उलट्या दिशेनं वाहतोच आहे. सुपरमेशमुळे फक्त दोन मेशमधली सामाईक फांदी समीकरणातून जाते. तिसऱ्या मेशशी असलेले व्यवहार जसेच्या तसे राहतात.

वर्गात बरेच जण इथे पेन ठेवतात. मी ठेवू देत नाही, कारण सुपरमेशनं ज्या राशीला चतुराईनं वगळलं ती Vx अजून काढायची आहे. मेश २ वरून: Vx = ०.३ × (१६ − ८) + १६ = १८.४ व्होल्ट. मेश १ वरून: २४ − ०.२ × (३६ − ८) = १८.४. दोन्हीकडून एकच आकडा आला, म्हणजे बेरजेत काही गळलं नाही. मल्टीमीटरचं काळं टोक ग्राउंडला आणि लाल B वर ठेवलं, १८.४ च दिसलं. त्या मुलीनं पहिल्यांदा शून्य धरलं होतं तिथे.

या आकड्यावरून शक्तीचा हिशोबही बसतो. B वरून प्रवाह आत शिरतो आणि B धन आहे, म्हणजे करंट सोर्स १८.४ × २० = ३६८ मिलिवॅट शोषतो. चार रेझिस्टर मिळून ४९६ मिलिवॅट खातात. बेरीज ८६४, आणि सप्लाय २४ × ३६ = ८६४ पुरवतो. R4 एकटाच २५६ मिलिवॅट घेतो, म्हणून तिथे पाव वॅटचा रेझिस्टर लावू देत नाही, अर्धा वॅटचा लावायला सांगतो.

शक्तीचा हिशोब बसला म्हणजे उत्तर बरोबर, असं मात्र नाही. पुढच्या टेबलावरच्या एका मुलानं सुपरमेश बिनचूक लिहिलं होतं, पण सोर्सचं समीकरण i2 − i1 = 20 असं. त्याचं उत्तर: i1 = 0, i2 = 20, i3 = 4. त्यानं दोन्ही मेशवरून Vx काढला, दोन्हीकडून २४.८. रेझिस्टरांची शक्ती ४९६ मिलिवॅट, सोर्सचे २४.८ × २० म्हणजेही ४९६. सगळं जुळलं आणि तो खूश होता.

जुळणारच. चिन्ह उलटं म्हणजे बाण वर. खालून B मध्ये २० मिलिअँपिअर ढकलणारा सोर्स असलेलं सर्किटही कायदेशीर सर्किटच आहे, त्याचा केव्हीएलही पाळला जातो आणि शक्तीही जुळते. आपल्या किमतींना नेमकं असं होतं की त्या सर्किटात सप्लायवर भारच उरत नाही. अशी चूक आकडेमोडीच्या कुठल्याही तपासणीत सापडत नाही, कारण आकडेमोड बरोबरच असते. ती सापडते दोन ठिकाणी. एक, मूळ चित्रावर परत जाऊन B पाशी केसीएल लावला की: R1 मधून येणारा २८, R2 ला जाणारा ८, खाली जाणारा २०. त्याच्या उत्तरात R1 मधून ४ उलटा नोड A कडे जातो आणि R2 मधून १६ C कडे, म्हणजे B वर २० खालून आले पाहिजेत. चित्रातल्या बाणाच्या विरुद्ध. दुसरं, सोर्स कसला आहे ते आठवलं की. २४ व्होल्टच्या सप्लायवर चालणारी, फक्त ऊर्जा खाणारी आयसी B ला २४.८ व्होल्टवर कशी नेईल? Vx चं चिन्ह आणि मोठेपण यांवर एक नजर टाकली असती तर त्याला स्वतःलाच कळलं असतं. म्हणून Vx काढायचा मी हट्ट धरतो.

संगणकावर पडताळताना हाच बाण आणखी एकदा सतावतो. एनजीस्पाइसमध्ये करंट सोर्सचा प्रवाह पहिल्या नोडमधून सोर्सच्या आतून दुसऱ्या नोडकडे जातो असं धरलेलं आहे. म्हणून आपल्या सोर्ससाठी आधी B, मग 0:

```
supermesh check
V1 A 0 24
R1 A B 200
R2 B C 300
R3 A C 1k
R4 C 0 1k
I1 B 0 20m
.op
.end
```

B वर १८.४ आणि C वर १६ व्होल्ट येतात. V1 चा प्रवाह उणे ३६ मिलिअँपिअर दिसतो. तो उणे तिथे याच नियमामुळे आहे, धन टोकातून आत शिरणारा प्रवाह अधिक धरल्यामुळे. I1 च्या ओळीत 0 आणि B ची अदलाबदल केली की त्या मुलाचं २४.८ हजर होतं.

आता ती तासगावची मुलगी पुन्हा आली, या वेळी प्रश्न चांगला होता. "सर, सप्लाय कमी केला तरी i1 − i2 = 20 च लिहायचं ना?"

कागदावरच्या सोर्ससाठी, हो. लॅबमधल्या सोर्ससाठी आधी Vx विचारायचा. सर्किट रेषीय आहे, त्यामुळे Vx चे दोन वाटे वेगळे काढता येतात. करंट सोर्स उघडा ठेवला तर B वर २४ पैकी २१.६ व्होल्ट येतात, म्हणजे V1 च्या ०.९ पट. V1 च्या जागी तार ठेवली तर B वरून दिसणारा रोध: R1 चे २०० ओहम, त्याला समांतर R2 आणि मागे R3 व R4 समांतर, म्हणजे ३०० + ५०० = ८००. दोन्ही मिळून १६० ओहम. त्यातून २० मिलिअँपिअर ओढले की ३.२ व्होल्ट खाली:

```
Vx = 0.9 V1 - 3.2
```

२४ घातले की १८.४ परत येतात. आता एलएम ३१७ ची गरज बघा. ६२ ओहमवर १.२५ व्होल्ट, आणि आयसीच्या स्वतःच्या इनपुट ते आउटपुटमध्ये आणखी काही. सुरक्षित म्हणून एकूण ४ व्होल्ट धरू. मग V1 निदान ८ व्होल्ट हवा. त्याखाली समीकरण निमूटपणे उत्तर देत राहील: ६ व्होल्टला Vx = २.२, आणि ३ व्होल्टला उणे ०.५, म्हणजे करंट सोर्स स्वतः ऊर्जा पुरवतोय. आमच्या आयसीला हे जमणारं नाही. अशा वेळी दोन मेशचं केव्हीएल चुकलेलं नसतं, सुपरमेशही चुकलेलं नसतं; i1 − i2 = 20 हे एकच वाक्य खोटं पडलेलं असतं, आणि त्याच्यावर उभे असलेले तिन्ही प्रवाह त्याच्याबरोबर जातात.

तिनं सप्लायची नॉब हळूहळू उतरवली, मल्टीमीटर एलएम ३१७ च्या मालिकेत. १२ व्होल्टला २०.२. ८ ला २०.२. ७ ला अजून तेवढाच, कारण ४ व्होल्ट आम्ही हात राखून धरले होते. ६ ला आकडा १७ आणि १८ च्या मध्ये घसरला. त्या खालच्या ओळींसाठी तिनं जर्नलमध्ये समीकरण बदललं: २० खोडून तिथे मोजलेला प्रवाह लिहिला आणि तेच सुपरमेश पुन्हा सोडवलं. सप्लायचा मोजलेला प्रवाह त्या उत्तराशी जुळला.